व्हिडिओ बघून घराचा नकाशा काढता आला पाहिजे

दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून एक काकू कोथरूडमधला फ्लॅट बघायला आल्या होत्या. मुलगा पुण्यात शिकणार होता, म्हणून घर हवं होतं. व्हिडिओ त्यांनी तीन-चार वेळा बघितला होता आणि तो मी काढलेला होता. हॉल, किचन आणि एक बेडरूम बघून झाल्यावर दुसऱ्या बेडरूमच्या दारात त्या थांबल्या आणि मला विचारलं, "अहो ताई, ती मोठी खिडकीवाली बेडरूम कुठंय?" आम्ही त्याच बेडरूमच्या दारात उभ्या होतो. खोली दहा बाय अकराची होती. माझ्या व्हिडिओत ती पंधरा बाय सोळाची वाटत होती. काकू काही बोलल्या नाहीत, पण एसटीचे सहा तास आणि मुलाचा बुडालेला एक दिवस मला आजही टोचतो.

तेव्हापासून घराचा वॉकथ्रू व्हिडिओ काढताना मी एकच कसोटी लावते. ज्या माणसानं घर बघितलेलं नाही, त्याला व्हिडिओ एकदा बघून कागदावर घराचा नकाशा काढता आला पाहिजे, आणि नकाशातल्या खोल्या एकमेकींच्या प्रमाणात असल्या पाहिजेत. कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल, लेन्स, खोल्यांचा क्रम आणि एडिटिंग हे सगळं मी या कसोटीवरच ठरवते. उदाहरणासाठी नुकताच केलेला एक टू बीएचके घेते. तोही कोथरूडचाच, रिसेलचा, कार्पेट एरिया साधारण 560 चौरस फूट.

लेन्सपासून सुरुवात करते, कारण काकूंची फसगत लेन्समुळे झाली होती.

खोली मोठी का दिसते

दहा फूट रुंद भिंत समोर आहे आणि तुम्ही तिच्यापासून दहा फुटांवर, मागच्या भिंतीला पाठ लावून उभे आहात. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद असतो. या 36 ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा आणि अंतरानं गुणा, म्हणजे त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. 24 मिलिमीटरच्या लेन्सला 15 फूट मावतात. आपली दहा फुटांची भिंत फ्रेमचा दोन तृतीयांश भाग व्यापते, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचा थोडा थोडा भाग दिसतो. आता 16 मिलिमीटरची लेन्स लावा. मावणारी रुंदी साडेबावीस फूट होते आणि तीच भिंत फ्रेमच्या निम्म्याहूनही कमी जागेत आक्रसते. फोनमधली 0.5x ची लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबात बहुतेक फोनांत 13 मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यात ही भिंत फ्रेमच्या जेमतेम एक तृतीयांश भागात बसते.

आपला मेंदू लांबच्या वस्तू लहान दिसतात या सवयीवर चालतो. समोरची भिंत लहान दिसली की तो ती लांब आहे असं धरतो, आणि खोली आपोआप खोल होते. कॅमेरा जागचा हललेला नाही, भिंतही हललेली नाही, तरी बघणाऱ्याच्या डोक्यात दहा फुटांचे सोळा फूट झालेले असतात.

दुसरा दोष कडांना दिसतो. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवण्यासाठी कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. पाण्याचा गोल माठ फ्रेमच्या मधोमध गोलच दिसतो, पण 16 मिलिमीटरमध्ये तो अगदी कडेला गेला की उंचीच्या जवळपास दीडपट रुंद होतो. 24 मिलिमीटरमध्ये हाच ताण सव्वापट असतो, तो डोळ्याला फारसा खटकत नाही. एखादा व्हिडिओ खरा आहे का हे ओळखायचं असेल तर कॅमेरा वळताना कडेच्या वस्तूंकडे बघा. फ्रीज आत येताना जाडजूड आणि मध्ये आल्यावर सडपातळ होत असेल, तर लेन्स फार वाइड आहे.

म्हणून मी पूर्ण घर 24 मिलिमीटरवर काढते. खूपच अडचणीच्या घरात 20 पर्यंत जाते, त्यापलीकडे नाही. आणि एक पथ्य यापेक्षाही महत्त्वाचं आहे: जी लेन्स हॉलला, तीच बेडरूमला. बघणारा खोल्यांची तुलना करत असतो. हॉल 24 वर आणि बेडरूम 16 वर काढली तर बेडरूम हॉलएवढी वाटते. दोन्ही शॉट वेगवेगळे बघितले तर त्यांत चुकीचं काही सापडणार नाही, पण नकाशा मात्र बिघडतो.

एजंट लोकांना हल्ली उभा व्हिडिओ हवा असतो, रील टाकायला. तिथे अडचण खरी आहे. 24 मिलिमीटर उभं धरलं की दहा फुटांवर रुंदी फक्त साडेआठ फुटांच्या आसपास मावते, म्हणजे पूर्ण भिंतही येत नाही, आणि हात लगेच 0.5x कडे जातो. त्याऐवजी झूमची पट्टी सरकवून 0.8x वर ठेवा. बऱ्याच फोनांत ते 21 मिलिमीटरच्या जवळ येतं आणि जवळजवळ सगळी भिंत बसते. उरलेलं सावकाश वळून दाखवता येतं.

रिकाम्या घरात मापाला धरायला पलंग-कपाट काही नसतं. तेव्हा जमीन कामाला येते. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स असतात. फ्रेममध्ये जमीन नीट दिसेल असा कॅमेरा ठेवला तर बघणारा टाइल्स मोजू शकतो. पाच टाइल्स म्हणजे दहा फूट. लेन्स कुठलीही असो, टाइल्सची संख्या बदलत नाही. मी प्रत्येक खोलीत एक शॉट असा घेतेच, आणि एडिटमध्ये त्यावर टेपनं मोजलेलं माप लिहिते. ब्रोशरमधलं माप मी वापरत नाही, कारण त्यात कधी प्लास्टर धरलेलं नसतं, तर कधी बाल्कनी खोलीत मिसळलेली असते. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. त्यामुळे खोल्यांची मापं जोडून येणारा आकडा कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. हे व्हिडिओत एका ओळीत सांगून टाकलं की पार्टीच्या मनात शंका राहत नाही.

गिंबल काय सांभाळतो आणि काय नाही

गिंबल घेतला की व्हिडिओ आपोआप लोण्यासारखा येतो, असा समज आहे. गिंबलच्या तीन मोटर कॅमेऱ्याचं फिरणं सांभाळतात: डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि एका अंगाला कलणं. पण चालताना आपलं सगळं शरीर प्रत्येक पावलाला इंच-दोन इंच वर-खाली होतं, त्याला गिंबल काहीच करू शकत नाही. मैदानात हे जाणवत नाही. घरात सोफ्याची पाठ दोन फुटांवर आणि भिंत बारा फुटांवर असते, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक सोफा भिंतीवर वर-खाली नाचतो.

हे गुडघ्यांनी सांभाळायचं असतं. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून मग चवडा अशी पावलं टाकायची. कोपरं अंगाला चिकटलेली, गिंबल दोन्ही हातांत. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन उंबरा ओलांडणाऱ्या बाईची चाल आठवा, तशीच ही. पहिल्या दिवशी मांड्या भरून येतात. सराव झाला का हे बघायला एक सोपी खूण आहे. दाराच्या चौकटीतून जाताना चौकटीची आडवी पट्टी आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ यांच्यामधलं अंतर बघा. ते एकसारखं बदलत गेलं तर चाल चांगली, हिसके देत बदललं तर पावलं दिसताहेत.

उरलेला धक्का वेगानं मारता येतो. मी सेकंदाला 50 फ्रेमनी शूट करते आणि एडिटमध्ये 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं चालवते. शूट करताना सेकंदाला साधारण दोन फूट चालते, ते व्हिडिओत एक फूट होतं. पावलांचे हिसके लांबतात आणि मऊ होतात. आवाज मात्र असा वापरता येत नाही, म्हणून बोलणं नंतर वेगळं रेकॉर्ड करते.

50 फ्रेमचं आणखी एक कारण आपल्या विजेत आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/100 वर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचा एक पूर्ण झोका येतो आणि व्हिडिओत पट्टे फिरत नाहीत. फोनमध्ये 30 किंवा 60 फ्रेम ठेवून शूट केलेल्या घरांत जे पट्टे भिंतीवरून सरकताना दिसतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

गिंबलची सेटिंग्ज फार नाहीत. PF मोड ठेवते, म्हणजे कॅमेरा फक्त डावी-उजवीकडे माझ्या मागे वळतो आणि वर-खाली समतल राहतो. कॅमेरा समतल असला तरच दारांच्या आणि खिडक्यांच्या उभ्या रेषा उभ्या राहतात. जरा खाली झुकवला की भिंती खाली निमुळत्या होऊन घर पडायला आल्यासारखं दिसतं. उंची छातीएवढी, सव्वाचार फुटांच्या आसपास ठेवते. किचनमध्ये ओट्याचा वरचा भाग दिसायला हवा म्हणून थोडी वर घेते, पण झुकवत नाही.

कॅमेऱ्याच्या आत सेन्सर हलवून धक्के शोषणारी सोय असेल आणि लेन्स वाइड असेल, तर गिंबलवर ती बंद करून एक चाचणी शॉट घ्या. चालू ठेवल्यावर फ्रेमचा मध्य स्थिर राहतो आणि कोपरे जेलीसारखे थरथरतात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर कळतं, आणि तोवर किल्ली परत गेलेली असते.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करणं मात्र विसरू नका. ऑटोवर ठेवलं तर बाल्कनीकडे जाताना हॉल अंधारतो आणि पॅसेजमध्ये शिरताना भिंती पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. या फ्लॅटची बाल्कनी पश्चिमेची होती, म्हणून मी सकाळी साडेनऊला सुरुवात केली. थेट ऊन आत नव्हतं आणि एकाच एक्स्पोजरमध्ये हॉलही दिसला, बाहेरचं झाडही दिसलं.

खोल्यांचा क्रम आणि न कापायचं वळण

घराची रचना अशी होती. दारातून आत आलं की समोर दहा बाय सोळाचा हॉल आणि त्याच्या टोकाला बाल्कनी. दाराजवळच डाव्या हाताला डायनिंगची जागा आणि किचनचं दार. उजव्या हाताला पॅसेजचं तोंड, आणि त्या तोंडाशीच, डायनिंगच्या बरोबर समोर, कॉमन बाथरूमचं दार. पॅसेजमध्ये आधी मुलांची खोली, शेवटी मास्टर बेडरूम.

क्रम पाहुण्याच्या पावलांनी ठरतो. जिन्यापाशी दोन-तीन सेकंद, दार, हॉल, बाल्कनी, मग मागे येऊन किचन आणि त्याची ड्राय बाल्कनी, मग पॅसेज, कॉमन बाथरूम, मुलांची खोली, मास्टर बेडरूम, त्याचं बाथरूम. सगळं मिळून दोन मिनिटं. त्यातली साधारण पंचवीस सेकंद हॉलला, वीस मास्टर बेडरूमला आणि अठरा किचनला दिली. बाथरूम दारातूनच, पाच सेकंद. आत शिरलं की आरशात आपणच दिसतो.

सगळं घर एका दमात काढायची गरज नाही. खोलीत जाऊन परत येताना तोच रस्ता पुन्हा दाखवणं कंटाळवाणं होतं, म्हणून कट लागतोच. कट चौकटीत मारायचा. चौकट फ्रेमच्या बाहेर गेली की शॉट संपवा, आणि पुढचा शॉट दुसऱ्या चौकटीत, त्याच दिशेनं चालताना सुरू करा. दोन्हीकडे चालण्याचा वेग सारखा असला की डोळा पावलं मोजत राहतो आणि कट खटकत नाही.

पहिला एडिट झाल्यावर तो मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी ते घर बघितलेलं नव्हतं. व्हिडिओ एकदा बघितल्यावर वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढायला सांगितलं. हॉल, बाल्कनी बरोबर. किचन मात्र त्यांनी पॅसेजच्या बाजूला काढलं आणि पॅसेज किचनच्या जागी.

चूक त्यांची नव्हती. बाल्कनीतून हॉलकडे परत वळतानाचा शॉट मी काढून टाकला होता, कारण तो अकरा सेकंदांचा होता आणि त्यात नवीन काही दिसत नव्हतं. बाल्कनीतल्या झाडावरून मी थेट हॉलमध्ये दाराच्या दिशेनं चालायला लागले होते. आत येताना डावीकडे असलेलं किचन आता उजवीकडे आलं होतं, पण आपण वळलो हे सासूबाईंनी बघितलंच नव्हतं. त्यांच्या मते त्या अजून पुढेच चालत होत्या.

तेव्हापासून माझा नियम असा की सरळ चालणं कापायला हरकत नाही, वळण कापायचं नाही. आणि वळण घाईत घ्यायचं नाही. एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेतून दुसऱ्या कडेला जायला चार-पाच सेकंद लागली पाहिजेत, नाहीतर चित्र फाटल्यासारखं दिसतं आणि डोळे दुखतात. 24 मिलिमीटरच्या लेन्सनं अर्ध्या वर्तुळाचं वळण घ्यायला म्हणूनच अकरा सेकंद लागतात. काटकोनाला साडेपाच. ही सेकंदं जपून वापरायची असतील तर वळणं कमी होतील असा रस्ता आधी मोबाइल खिशात ठेवून चालून बघा. मी प्रत्येक घरात शूटच्या आधी दोनदा रिकामी चालते.

एडिटमध्ये आणखी दोन मोह सांभाळावे लागतात. एक म्हणजे सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन. ते फ्रेम कापून आणि वाकवून धक्का लपवतं. जोर वाढवला की दाराच्या चौकटी पाण्यात ठेवल्यासारख्या डुलतात. DaVinci Resolve मध्ये मी Perspective ऐवजी Translation निवडते, त्यात चित्र फक्त सरकवलं जातं, वाकवलं जात नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर शॉट पुन्हा घेते. दुसरा मोह म्हणजे मध्येच वेग वाढवून पॅसेज झर्रकन पार करणं. दिसायला छान असतं, पण बारा फुटांचा पॅसेज चार फुटांचा वाटतो आणि नकाशात मास्टर बेडरूम हॉलला येऊन चिकटते.

वळण परत घातलं. व्हिडिओ दोन मिनिटं अकरा सेकंदांचा झाला. या वेळी शेजारच्या वहिनींना दाखवला, कारण सासूबाईंना घर आता पाठ झालं होतं. वहिनींनी किचन डावीकडे काढलं, पॅसेज उजवीकडे, मास्टर बेडरूम मुलांच्या खोलीपेक्षा थोडी मोठी. मग पेन्सिल डायनिंगवर टेकवून त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. "म्हणजे जेवायला बसलं की बाथरूमचं दार समोरच दिसणार ना?"

घरमालकांनी मला तो शॉट गाळायला सांगितला होता. मी त्यांना फोन केला आणि सांगितलं की जे दार व्हिडिओत दोन सेकंद दिसतंय, ते बघायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटात दिसणारच आहे. त्यांनी थोडा विचार केला. दार बंद ठेवून शूट केलेलं चालेल का, असं विचारलं. मी म्हटलं, चालेल, दार बंदच असतं ना एरवी? त्याच शनिवारी जाऊन मी दार बंद करून तेवढा एक शॉट परत घेतला, त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं.